द्राक्षबागेच्या व्हिडिओंची नावं का बदलली



गेल्या काही आठवड्यांत आपल्या चॅनेलवरच्या बऱ्याच जुन्या व्हिडिओंची नावं बदलली आहेत. काहींनी फोन करून विचारलं, ‘तुम्ही जुने व्हिडिओ काढून टाकले का?’ एका ताईंनी मिलीबगवरचा व्हिडिओ सेव्ह करून ठेवला होता. त्यांच्या यादीत आता त्याच जागी वेगळंच नाव दिसतं. तासगावकडच्या एका दादांना त्यांच्या ग्रुपवर फिरणारा ‘भाग 112’ नावाने शोधून सापडेना. या सगळ्यांना एकदाच आणि नीट सांगावं म्हणून हे पत्र. द्राक्षाशी ज्यांचा संबंध फक्त खाण्यापुरता आहे त्यांनाही ते वाचता यावं, अशा बेताने लिहिलं आहे. शेतीच्या व्हिडिओच्या नावाने बागेत काय घडू किंवा बिघडू शकतं, हे त्यांनाही कळलं तर बरंच.

आधी मुख्य गोष्ट. एकही व्हिडिओ नव्याने चढवलेला नाही. यूट्यूबवर प्रत्येक व्हिडिओला अकरा अक्षरांची एक खूण मिळते. लिंकमध्ये `watch?v=` याच्या पुढे जी इंग्रजी अक्षरं, आकडे दिसतात ती ही खूण. व्हिडिओ चढवला त्या क्षणी ती ठरते आणि नंतर आम्हालाही ती बदलता येत नाही. खूण म्हणजे घराचा पत्ता आणि शीर्षक म्हणजे दारावरची पाटी. आम्ही फक्त पाटी बदलली आहे. म्हणून तुम्ही कधीकाळी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली लिंक आजही त्याच व्हिडिओवर उघडते. त्या मेसेजमध्ये चौकटीत जुनंच नाव दिसेल, कारण ती चौकट तुम्ही लिंक पाठवली त्या वेळी तयार होऊन मेसेजसोबत गेलेली असते. आतला व्हिडिओ तोच. त्याखालच्या तुमच्या प्रतिक्रिया, किती जणांनी पाहिला तो आकडा, आवडल्याच्या खुणा आणि प्रसिद्ध केल्याची तारीख, सगळं जागच्या जागी आहे. शंका आली तर तारीख पाहा. 2016 चा व्हिडिओ नवं नाव घेऊनही 2016 चाच दिसेल. नाव बदलल्याची सूचना यूट्यूब सबस्क्रायबरना पाठवत नाही, त्यामुळे अचानक वेगळं नाव पाहून तुम्ही गोंधळलात हे साहजिक आहे.

आता का बदललं ते सांगतो.

चॅनेल सुरू झालं तेव्हा व्हिडिओ पाहणारे बहुतेक आजूबाजूचे बागायतदार होते. सकाळी बागेत चित्रण, संध्याकाळी व्हिडिओ, रात्री जेवणं झाली की लोक तो पाहत आणि दुसऱ्या दिवशी पंप काढत. ‘आज हे करा’, ‘या आठवड्यात काळजी घ्या’, ‘लक्ष्मीपूजनाआधीची ही फवारणी चुकवू नका’ अशी नावं त्या पाहणाऱ्यांसाठी पुरेशी होती. ‘आज’ म्हणजे कोणता दिवस हे त्यांना माहीत होतं, कारण तो त्यांचाही आजच होता. पुढे चित्र पालटलं. आता बहुतेक जण बागेत उभे राहून, हातातल्या फोनला तोंडी विचारून व्हिडिओ शोधतात. त्यांच्यासमोर सहा वर्षांपूर्वीचा ‘आज’ येतो. तो ते त्यांचा आज समजतात.

‘लक्ष्मीपूजनाआधी’ हेच नाव घेऊ. 2019 मध्ये लक्ष्मीपूजन 27 ऑक्टोबरला होतं, 2020 मध्ये 14 नोव्हेंबरला. समजा दोन्ही वर्षी एखाद्याने फळछाटणी 10 ऑक्टोबरला केली. पहिल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला त्याच्या छाटणीचा सतरावा दिवस होता, दुसऱ्या वर्षी पस्तिसावा. सतराव्या दिवशी वेलीवर चार-पाच पानं असतात, घड नुकता डोळ्यातून बाहेर आलेला, पोपटी आणि कोवळा. पस्तिसाव्या दिवशी वेल फुलोऱ्याच्या तोंडाशी आलेली असते. या दोन अवस्थांमध्ये द्यायची औषधं, मात्रा, पाण्याचं प्रमाण, अगदी नोझलसुद्धा वेगळं. सणाच्या नावाने दिलेला सल्ला एका वर्षी बरोबर आणि पुढच्याच वर्षी घातक ठरतो. व्हिडिओत चूक काही नाही, आतलं बोलणं त्या वर्षीच्या त्या अवस्थेला धरूनच आहे. पण नाव वाचून आलेल्या माणसाला ते बोलणं दुसऱ्याच अवस्थेत मिळतं.

द्राक्ष न पिकवणाऱ्यांसाठी इथे थोडं थांबतो. महाराष्ट्रात द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात आणि पीक एकदा घेतात. उन्हाळ्यात, मार्चअखेर ते एप्रिलमध्ये होते ती खरड छाटणी. तिच्यानंतर ज्या काड्या वाढतात त्यांच्या डोळ्यांत पुढच्या पिकाचे घड तयार होतात, बाहेरून काही न दिसता. पावसाळ्याच्या शेवटी त्याच काड्या पुन्हा छाटतात, ती फळछाटणी. कुणी तिला गोडी छाटणी म्हणतं, कुणी ऑक्टोबर छाटणी. या दुसऱ्या छाटणीपासून बागायतदाराचं सगळं दिवसांवर चालतं. आठ-दहा-बारा दिवसांत डोळे फुटतात. तिसऱ्या आठवड्यात घड मोजता येतात. चाळीस दिवसांच्या आसपास फुलोरा येतो, मग मणी धरतात, फुगतात. तिसरा महिना संपता-संपता मण्यांत पाणी उतरतं आणि सुमारे चार ते साडेचार महिन्यांनी काढणी. जात आणि थंडी यांच्याप्रमाणे हे दिवस थोडे मागे-पुढे होतात. बागेत दोन बागायतदार भेटले की ‘कितवा दिवस?’ हाच पहिला प्रश्न असतो.

आणि ‘ऑक्टोबर छाटणी’ या नावाचीही अडचण आहे. निफाड, दिंडोरीकडे ती खरोखर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये होते. पण बागलाणात, सटाणा-कळवण-देवळ्याच्या बाजूला, आगाप बागा जुलै-ऑगस्टमध्येच छाटतात, म्हणजे माल बाजारात लवकर पोहोचतो. तिथल्या बागायतदाराला ‘ऑक्टोबर छाटणी, पहिली फवारणी’ असं नाव दिसलं तर तो काय समजेल? ऑक्टोबरात त्याच्या बागेत मणी धरून फुगायला लागलेले असतात. म्हणून शक्य तिथे आम्ही शीर्षकातून महिना, सण, ‘आज’, ‘या आठवड्यात’ हे सगळं काढलं आणि त्या जागी ‘फळछाटणीनंतर 18 ते 22 दिवस’ अशी मोजणी घातली. ज्या व्हिडिओत दिवस बोललेला नव्हता तिथे आम्ही पानांची संख्या आणि घडाची अवस्था पाहून तो ठरवला. जिथे तेही ठरेना तिथे दिवस न लिहिता फक्त अवस्था लिहिली: पोंगा, दोडा, फुलोरा, मणी सेटिंग.

दिवसाइतकंच महत्त्व आकड्यासोबतच्या एककाला आहे. ‘जीए 40’ असं नाव असलेला एक व्हिडिओ खूप पाहिला गेला. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल. त्याने घड लांबतो, मणी मोठा होतो. 40 हा आकडा पीपीएमचा आहे. 100 लिटर पाण्यात 1 ग्रॅम शुद्ध जीए म्हणजे 10 पीपीएम, म्हणून 40 पीपीएमला 100 लिटरला 4 ग्रॅम. नुसत्या ‘40’ वरून कुणी ग्रॅम समजलं तर मात्रा दहापट होते. शिवाय ही मात्रा मणी धरल्यानंतरची आहे. कोवळ्या पोपटी घडाला 10 पीपीएमच्या आसपास पुरतं. तिथे 40 दिलं तर दांडा नको तितका लांबतो आणि वाकतो. त्या व्हिडिओच्या नावात आता पीपीएमही आहे आणि मणी सेटिंगही. बाजारातल्या पुडीत शुद्ध जीए किती टक्के आहे, हे मात्र लेबलवर पाहूनच हिशोब करावा. ते शीर्षकात मावत नाही आणि मावायलाही नको.

आता ज्या व्हिडिओमुळे हे सगळं काम हाती घेतलं त्याच्याकडे वळतो. त्याचं जुनं नाव होतं ‘पानावर पांढरं दिसतंय? आजच हे करा’. व्हिडिओ भुरीवरचा आहे. पण द्राक्षाच्या पानावर पांढरं दिसण्याची दोन वेगवेगळी कारणं असतात. एक भुरी. दुसरं केवडा, ज्याला बागेत सगळे डाऊनीच म्हणतात. दोन्ही बुरशीचे रोग, दोन्ही पांढरे, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. गंधक भुरीवर चालतं. डाऊनीवर गंधक मारून बागायतदार निश्चिंत झाला तर पाऊस-दवाच्या दिवसांत तीन-चार दिवसांत ती पानावरून घडावर जाते, आणि फुलोऱ्याच्या आधी घडावर गेली तर तो घड कुजतो किंवा त्याचे मणी गळतात. त्याचं नुकसान पुढे काही केलं तरी भरून येत नाही.

ओळख सोपी आहे, फक्त पान उलटावं लागतं. डाऊनीत पानाच्या वरच्या बाजूला तेल सांडल्यासारखा पिवळट डाग असतो आणि बरोबर त्याच्या खाली, पानाच्या पाठीवर, पांढरी कापसासारखी वाढ. सकाळी दव असताना ती सर्वात स्पष्ट दिसते. वरच्या बाजूला ती पांढरी वाढ येत नाही. भुरी मात्र राखेसारखी असते, पानाच्या दोन्ही बाजूंना, काडीवर, मण्यावरही येते आणि बोट फिरवलं की पुसली जाते. हवामानही वेगळं. डाऊनीला पानावर पाणी लागतं, म्हणून ती पावसात, दाट दवात आणि कोंदट दाटीच्या बागेत वाढते. भुरीला पानावर पाणी असावं लागत नाही. ढगाळ, दमट आणि गार हवा तिला पुरते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत आभाळ आलं की ती डोकं वर काढते. ऑक्टोबरच्या पावसात ‘पांढरं’ शोधणाऱ्या माणसाच्या बागेत डाऊनी असण्याचीच शक्यता जास्त, आणि त्याला आमचा भुरीचा व्हिडिओ सापडत होता. प्रतिक्रियांत हे स्पष्ट दिसत होतं. पावसाच्या दिवसांत लोक विचारत होते, ‘गंधक मारलं, तरी पानामागे वाढतंच आहे, काय करू?’ ‘पानामागे’ या एका शब्दातून आजार दुसराच असल्याचं कळतं.

त्या व्हिडिओचं नवं नाव असं आहे: ‘भुरी की डाऊनी? पान उलटून ओळखा, द्राक्ष फळछाटणीनंतर 25 ते 50 दिवस, 2018’. व्हिडिओत सुरुवातीची दोन मिनिटं ओळखीची होतीच, फक्त नावात त्यांचा पत्ता नव्हता. हे नाव कसं बेतलं ते सांगतो, म्हणजे बाकीच्या नावांचाही क्रम तुम्हाला कळेल. यूट्यूब शीर्षकाला जास्तीत जास्त 100 खुणा देतं. या खुणा आपल्या अक्षरांप्रमाणे मोजल्या जात नाहीत. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला पाय मोडण्याची खूण, सगळं वेगवेगळं धरलं जातं. ‘द्राक्ष’ आपण दोन अक्षरांत लिहितो, यंत्र तिथे सात मोजतं. वरचं नाव विरामचिन्हं आणि मोकळ्या जागा धरून 70 खुणांचं आहे. मराठीत 100 खुणा फार लवकर संपतात, आणि फोनवरच्या यादीत तर दोनेक ओळींनंतर नाव तुटतंच. म्हणून जे नाही वाचलं तर नुकसान होईल ते सर्वांत पुढे ठेवलं. आधी प्रश्न किंवा रोग, मग पीक आणि अवस्था, शेवटी वर्ष. ‘नमस्कार बागायतदार मित्रांनो’, ‘भाग 112’, द्राक्षाच्या घडाचं चित्र, तीन-तीन उद्गारचिन्हं हे सगळं सुरुवातीची जागा खात होतं.

शब्द कोणते घ्यायचे यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. पुस्तकांत ‘केवडा’ लिहितात, कृषी विद्यापीठाच्या पत्रिकेतही. फोनला तोंडाने विचारताना मात्र लोक ‘डाऊनी’च म्हणतात. ‘पिठ्या ढेकूण’ म्हणणारे आता फार थोडे, ‘मिलीबग’ म्हणणारे सगळे. आम्ही शीर्षकात बोलण्यातला शब्द घेतला आणि पुस्तकातला शब्द खालच्या माहितीच्या पहिल्या ओळीत ठेवला. दोन्हीपैकी कोणत्याही शब्दाने शोधलं तरी व्हिडिओ सापडायला मदत व्हावी, एवढाच हेतू. विजापूर भागातले कितीतरी बागायतदार आपले व्हिडिओ पाहतात. त्यांच्यासाठी काही शीर्षकांना कन्नड रूप जोडलं आहे. ज्यांच्या फोनची भाषा कन्नड आहे त्यांना तेच दिसेल. तेव्हा सांगलीतल्या आणि विजापुरातल्या दोन मेहुण्यांना एकाच व्हिडिओची दोन नावं दिसली तर तो दोन नव्हे, एकच व्हिडिओ आहे.

वर्ष प्रत्येक नावात का घातलं, याचं कारण औषधांत आहे. बागेत वेलीला चालतं म्हणून एखादं औषध कायम चालत राहतं असं नाही. 2010 च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि निर्यातदार बागायतदारांना फार मोठा फटका बसला, हे जुन्या मंडळींच्या लक्षात असेल. बागेत त्याला सीसीसी म्हणत. ते फवारलं जायचं खरड छाटणीनंतर, वाढ रोखून घडनिर्मिती वाढावी म्हणून. म्हणजे फवारणी उन्हाळ्यात, आणि अंश सापडले पुढच्या वर्षी काढलेल्या मण्यांत. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निर्यातीच्या बागांसाठी चालणाऱ्या औषधांची यादी दर हंगामाला काढतं, बागायतदार तिला परिशिष्ट 5 किंवा ‘अॅनेक्श्चर फाइव्ह’ म्हणून ओळखतात. शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस जायला हवेत तेही तिथे असतं. ती यादी बदलत राहते. व्हिडिओतलं बोलणं मात्र चित्रित झालं त्या हंगामातच थांबतं. नावात 2015 दिसलं की पाहणाऱ्याने स्वतःच समजावं, औषधाचं नाव इथून उचलायचं नाही, यंदाच्या यादीत पाहायचं.

पण काही ठिकाणी वर्ष लिहून भागत नव्हतं. मिलीबगवरचा 2015 चा व्हिडिओ त्यातला. वर म्हटलेल्या ताईंनी सेव्ह केलेला तो हाच. जुन्या नावात ‘रामबाण उपाय’ होता आणि आत डायक्लोरव्हॉसच्या फवारणीची माहिती होती. त्या वर्षी ते औषध बाजारात रीतसर मिळत होतं. ऑगस्ट 2018 मध्ये केंद्र सरकारने अठरा कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला. बारांवर लगेच बंदी आली, सहांना मुदत मिळाली, आणि डायक्लोरव्हॉस त्या सहांत होतं. 31 डिसेंबर 2020 पासून त्याचा वापर बंद झाला. तरीही शोधणाऱ्याला ‘रामबाण’ हा शब्द पुढे दिसतो आणि तो व्हिडिओ उघडतो.

व्हिडिओ काढून टाकावा, असं काहींनी सुचवलं. आम्ही काढला नाही, कारण त्याचा पहिला भाग आजही तितकाच उपयोगी आहे. खोडाची सुटलेली साल काढली की खाली मिलीबग कुठे आणि कसा दडून बसतो, मुंग्या त्याला वर कशा नेतात, घडापर्यंत पोहोचण्याआधी त्याला कुठे गाठायचं, हे इतकं स्पष्ट चित्रण पुन्हा जमून येईल असं नाही. शिवाय खाली बागायतदारांच्या प्रतिक्रिया आहेत. कुणी मुंग्यांचा बंदोबस्त कसा केला, कुणी क्रिप्टोलिमस भुंगेरे सोडून काय अनुभव आला, ते सगळं त्यांनी मनापासून लिहिलं आहे. व्हिडिओ काढला की तेही जातं. नवा व्हिडिओ त्याच लिंकवर चढवण्याची सोय यूट्यूबवर नाही. प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओतला एखादा तुकडा कापून काढता येतो, इतकंच. म्हणून फवारणीचा तुकडा कापला आणि नाव ठेवलं: ‘मिलीबग सालीखाली कसा शोधावा, द्राक्ष खोड आणि ओलांडे, 2015, फवारणीचा भाग काढला आहे’.

तुकडा कापल्याचा एक परिणाम तुम्हाला जाणवेल. प्रतिक्रियांत लोक वेळ लिहितात, ‘10:40 ला दाखवलेला ब्रश कुठे मिळतो?’ असं. मधली तीन मिनिटं गेल्यामुळे 10:40 चं दृश्य आता 7:40 ला आलं आहे. प्रतिक्रियांतल्या वेळा आम्ही बदलू शकत नाही, त्या तुमच्या आहेत. सर्वांत वर टाचून ठेवलेल्या प्रतिक्रियेत आम्ही लिहिलं आहे की कापलेल्या जागेनंतरच्या वेळांतून तीन मिनिटं वजा करावीत. तुकडा कापलेले व्हिडिओ अगदी थोडे आहेत आणि त्या सगळ्यांवर अशी सूचना आहे. बाकी व्हिडिओंची लांबी एका सेकंदानेही बदललेली नाही.

इथे एक मर्यादा स्पष्ट लिहायला हवी. नाव बदलल्याने आतलं बोलणं बदलत नाही. 2016 च्या व्हिडिओत मी ‘या आठवड्यात’ म्हणतो तो आठवडा 2016 चाच राहणार. चित्रावर छापून आलेलं जुनं नाव, सुरुवातीच्या पाटीवरचा भाग क्रमांक, मागे वाजणारा रेडिओसुद्धा तसाच. ज्यांना वाचायला वेळ नाही, जे फोन खिशात ठेवून फक्त ऐकतात, त्यांच्यापर्यंत शीर्षकातलं वर्ष पोहोचत नाही. त्यांच्यासाठी एकच विनंती: औषधाचं नाव ऐकू आलं की फोन काढून वर्ष पाहा.

भाग क्रमांकांचं काय, हा तासगावच्या दादांचा प्रश्न. क्रमांक शीर्षकातून गेले, पण फेकलेले नाहीत. प्रत्येक व्हिडिओच्या खालच्या माहितीत ‘जुनं नाव’ म्हणून पूर्ण शीर्षक, भाग क्रमांकासह, जसंच्या तसं लिहिलं आहे. चॅनेलच्या पानावर जो शोधाचा भिंगासारखा चौकोन आहे तिथे जुनं नाव टाकून पाहा. यूट्यूबच्या मोठ्या शोधात टाकण्यापेक्षा तिथे लवकर सापडेल. प्लेलिस्ट तशाच आहेत, त्यांतला क्रमही तोच: खरड छाटणी, फळछाटणी, रोग-किडी, बेदाणा. तुम्ही स्वतः बनवलेल्या याद्यांतही व्हिडिओ त्याच जागी आहेत, फक्त नवं नाव घेऊन. कुणी वहीत नुसती नावं लिहून ठेवली असतील तर मात्र त्यांची थोडी गैरसोय होईल. लिंक लिहून ठेवलेल्यांची होणार नाही.

काही नावांना आम्ही हात लावला नाही. ज्येष्ठ बागायतदारांच्या मुलाखती, कलम बांधणाऱ्या कारागिरांच्या गप्पा, बेदाणा शेडवरचा एक दिवस, यांत सल्ला नाही. ती नावं वाचून कुणी पंप उचलणार नाही. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या पावसाचे व्हिडिओही तसेच ठेवले. आगाप बागांतले मणी तडकलेले, उशिराच्या बागांत कोवळे घड डाऊनीने काळे पडलेले, आणि रोज संध्याकाळी ‘आजही पाऊस’ असं एकाच नावाचं चित्रण. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळाचा पाऊस आला तेव्हाचेही काही आहेत. तिथे ‘आज’ हा शब्दच खरा आहे. त्या माणसांनी त्या दिवशी जे सोसलं त्याची ती नोंद आहे, आणि नंतर बसून तिला नीटनेटकं नाव देण्याचा अधिकार आम्हाला वाटत नाही. नावाच्या शेवटी फक्त तारीख जोडली, म्हणजे कुणाला यंदाच्या हवामानाची बातमी वाटू नये.

एक गोष्ट काहींना खटकेल. ‘रामबाण’, ‘शंभर टक्के’, ‘एका फवारणीत’ हे शब्द सगळ्या नावांतून गेले आहेत. असे शब्द नावात असले की व्हिडिओ जास्त उघडले जातात, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण द्राक्षबागेत एकाच फवारणीत संपणारा रोग नसतो. सलग तेच औषध मारत गेलं तर बुरशी त्याला सरावते, म्हणून औषधांचे गट आलटून-पालटून वापरावे लागतात. नावात ‘एका फवारणीत’ आणि आत ‘गट बदला’, असं दोन तोंडांनी बोलणं आम्हाला मान्य नाही. पाहणारे कमी झाले तरी चालतील. औषधाच्या कंपनीचं नावही कोणत्याच शीर्षकात राहिलेलं नाही. घटकाचं नाव आहे, कारण यादीत आणि डब्याच्या लेबलवर तेच जुळवून पाहायचं असतं.

सध्या फळछाटणी आणि रोग-किडी या दोन प्लेलिस्टचं काम पुरं झालं आहे. खरड छाटणीच्या व्हिडिओंना अजून हात लावायचा आहे, आणि ते मार्चअखेरपर्यंत, म्हणजे बहुतेकांची कात्री बाहेर निघण्याआधी संपवू. त्यांत सबकेन, शेंडा मारणं आणि काडीतली घडनिर्मिती यांवरची नावं सर्वांत गोंधळाची आहेत, कारण तिथे दिवसांसोबत पानांची संख्याही लिहावी लागेल. एखाद्या नव्या नावातला दिवस तुमच्या भागात जुळत नाही असं दिसलं, तर त्या व्हिडिओखाली तालुका, जात आणि छाटणीची तारीख एवढं लिहा. सोनाका, माणिक चमन, थॉम्पसन आणि शरद यांचे दिवस एकसारखे नसतात आणि रात्रीच्या थंडीनेही फरक पडतो. तीन-चार ठिकाणांहून तोच फरक कळला तर नावातला आकडा रुंद करू, ‘18 ते 22’ चं ‘18 ते 26’ करू. लिंक तेव्हाही तीच राहील.

आपली,
चॅनेलची मंडळी